दुसरं मत हवं आहे: सर्पदंश, २० व्हायल एएसव्ही देऊनही रक्त गोठत नाही. तिसरा डोस द्यायचा का?

सडा_आणि_पाऊस (मंगळवार, सकाळी ९.२०)

ज्येष्ठ मंडळींचं मत हवं आहे. इथे फिजिशियन नाही, रात्रीपासून मी एकटाच आहे. हॉस्पिटल तळकोकणात, गोव्याच्या हद्दीजवळ. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पुरुष, वय ४६, पोफळीच्या बागेत काम. काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास झाडाखालचा ओला पाचोळा हाताने ओढताना उजव्या हाताच्या तर्जनीला चावा. साप लहान, तपकिरी, हातभरही नाही. भावाने तिथेच ठेचला. घरचे ठाम आहेत, "डॉक्टरांनू, फुरसाच ता." मधुमेह, बीपी, किडनीचा त्रास पूर्वी नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. वाटेत मनगटाला घट्ट पंचा बांधला होता, तो इथे आल्यावर सोडला.

७.१५ ला आला तेव्हा बोट सुजलेलं, सूज मनगटापर्यंत, वेदना भरपूर. पापण्या व्यवस्थित, गिळणं-बोलणं ठीक. हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून रक्त नाही. वीस मिनिटांच्या टेस्टला रक्त गोठलं नाही, म्हणून १० व्हायल एका तासात दिले. सुरुवातीलाच अंगावर पित्त उठलं आणि घसा खवखवायला लागला. ड्रिप थांबवून अ‍ॅड्रेनॅलिन मांडीत दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केलं. रात्री तीनला परत टेस्ट, गोठलं नाही. आणखी १० व्हायल. आज पावणेनऊला तिसरी टेस्ट, ट्यूब उलटी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

आत्ता बीपी ११८/७६, नाडी ८८. सूज कोपराच्या चार बोटं खाली थांबली आहे, पहाटेपासून वाढलेली नाही. बोटाच्या टोकाला काळसर फोड. लघवी रात्रभरात साधारण ७०० मिली, रंग साधा. क्रिएटिनिन काल १.१, प्लेटलेट काल १ लाख ९० हजार. आयएनआर इथे होत नाही. आत्ताच सायट्रेटच्या बल्बमध्ये रक्त घेऊन शिपायाला गाडीवरून खासगी लॅबला पाठवलं आहे.

माझा प्रश्न एवढाच: तिसरे १० व्हायल आत्ता द्यायचे की थांबायचं? आमच्याकडे १४ व्हायल शिल्लक आहेत. द्यायचं ठरलं तर पुन्हा रिअ‍ॅक्शन येईल अशी तयारी ठेवावी लागेल. न द्यायचं ठरलं तर रक्त न गोठणारा माणूस वॉर्डात ठेवून मी कशाची वाट बघायची, ते सांगा.

---

भरणीवाला (९.३१)

यात विचारण्यासारखं काही नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आहे, म्हणजे शरीरात विष फिरतंय. रक्तावर परिणाम करणाऱ्या सापाला ३० व्हायलपर्यंत जाता येतं. तुमचे २० झालेत, अजून १० द्या. सोबत एफएफपीच्या चार पिशव्या मागवा. मी घाटावर घोणसाला सर्रास असंच करतो आणि लोक बरे होऊन घरी जातात.

---

मंदाताई_क (९.३८)

माझ्या सासऱ्यांना चार वर्षांपूर्वी झोपेत मण्यार चावली होती. चाव्याची खूणसुद्धा दिसत नव्हती, पहाटे पोटात दुखायला लागलं आणि डोळे मिटायला लागले. तेव्हा त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि निओस्टिग्मिन दिलं होतं. तुमच्या पेशंटला दिलंय का? उशीर करू नका.

---

सडा_आणि_पाऊस (९.४३)

मंदाताई, मण्यारीचा परिणाम नसांवर होतो. तिथे डोळे मिटतात, श्वास थांबतो. याच्या पापण्या मी दर तासाला बघतोय, छताकडे बघायला लावून. काही नाही. सासरे वाचले हे वाचून बरं वाटलं.

---

जुना_फिजिशियन (९.५२)

डॉक्टर, हिस्टरी नीट लिहिली आहे आणि प्रश्न एकच विचारला आहे, त्यामुळे बोलता येतं. उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी हव्यात.

एक, दुसरा डोस नक्की किती वाजता संपला आणि त्यानंतर किती वेळाने टेस्ट केली? विष निष्प्रभ झालं तरी यकृताला नवं फायब्रिनोजेन तयार करायला सहा तास तरी लागतात. आधी पाहिलं तर ट्यूबमध्ये रक्त वाहणारच, ते औषध चाललं नाही म्हणून नव्हे. तीनला टेस्ट करून मग डोस दिला असेल तर पावणेनऊ म्हणजे घाईच झाली.

दोन, सापाचा फोटो आहे का? ठेचलेला असला तरी चालेल. तुमच्या भागात "तपकिरी, लहान" म्हणजे फुरसंच असं धरता येत नाही.

तीन, ट्यूब कुठली होती?

तोवर तिसरा डोस भरू नका. पेशंटला रक्तस्राव नाही, सूज थांबली आहे, बीपी उत्तम आहे. तासभराने त्याचं काही बिघडणार नाही.

---

भरणीवाला (९.५८)

सर, ट्यूब कुठली म्हणजे? काचेची असणार. सगळीकडे तीच असते.

---

सडा_आणि_पाऊस (१०.०४)

सर, दुसरा डोस ३.२० ला सुरू होऊन ४.३० ला संपला. म्हणजे टेस्ट सव्वाचार तासांनी झाली.

ट्यूब काचेची आहे. रॅकमधली, आमच्या लॅबमध्ये धुऊन वाळवतात त्यातली. तिन्ही वेळा तशीच. फोटो भावाच्या मोबाईलवर आहे, मागवतो.

---

रक्त_लघवी_थुंकी (१०.११)

मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे, पण इथे बोलायलाच हवं. धुतलेली ट्यूब या टेस्टला चालत नाही. साबणाचा अंश काचेला राहिला की रक्ताला काचेचा जो स्पर्श लागतो तोच मिळत नाही, आणि चांगल्या माणसाचं रक्तसुद्धा वीस मिनिटांत गोठत नाही. प्लास्टिकच्या ट्यूबचंही तेच. नवी कोरी, कोरडी काचेची ट्यूब लागते. त्यात दोनेक मिली ताजं रक्त घालायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. मधे मधे हलवून बघणारे लोक मी पाहिलेत.

आता एक करा. भावाचं रक्त घ्या, त्याला साप चावलेला नाही. एक भाग धुतलेल्या ट्यूबमध्ये, एक नव्या. पेशंटचंही नव्या ट्यूबमध्ये. तिन्ही एकाच वेळी लावा. पेशंटचं रक्त सलाईनच्या कॅन्युलातून घेऊ नका, दुसऱ्या हातातून नव्याने टोचून घ्या. कॅन्युला कोणी हेपारिनने फ्लश केली असेल तर सगळंच फसेल.

आणि सायट्रेटचा बल्ब खुणेपर्यंत भरला होता ना? अर्धा भरलेला असेल तर आयएनआर खोटा जास्त येतो.

---

सडा_आणि_पाऊस (१०.१७)

बल्ब खुणेपर्यंत भरला होता, स्वतः पाहिला. नव्या ट्यूब आमच्याकडे आहेत का ते शोधतो. मिळाल्या नाहीत तर इंजेक्शनची रिकामी कुपी चालेल का?

---

रक्त_लघवी_थुंकी (१०.१९)

वापरलेली कुपी नको, आत औषधाचा अंश असतो. मेडिकलमधून नव्या ट्यूब आणा, दहा रुपयांचं काम आहे.

---

सर्पमित्र_आंबोली (१०.३६)

फोटो व्यक्तिगत निरोपात मिळाला. डोकं पार चेचलेलं आहे, म्हणून छातीठोकपणे काही सांगत नाही. पण जागेवरून सांगतो. फुरसं उघड्या कातळावर, सड्यावर, कोरड्या दगडांच्या सांद्रीत असतं. पोफळीच्या बागेतला भिजलेला पाचोळा ही त्याची जागा नव्हे. तिथे दुसरा एक आखूड, जाड, तपकिरी साप सापडतो, इंग्रजीत हम्प-नोज्ड पिट व्हायपर. नाकाचं टोक वर उचललेलं, अंगावर गडद त्रिकोणी ठिपके. पाचोळ्यात असा मिसळतो की हात पडेपर्यंत दिसत नाही. इकडे दक्षिणेला, गोव्याच्या बाजूच्या रानात तो आहे. गावात त्याला फुरसंच म्हणतात.

फोटोत शेपटीकडच्या भागावर ठिपके त्रिकोणी वाटतात. फुरशाच्या अंगावर बाजूने नागमोडी पट्टी जाते, ती मला दिसत नाही. पण रक्त आणि चिखल एवढा आहे की पैज लावणार नाही. साप ठेवला आहे का? असेल तर चिमट्याने उचलून झाकणाच्या बरणीत ठेवा. मेलेल्या सापाचं डोकंही चावा घेऊ शकतं.

---

जुना_फिजिशियन (१०.४८)

सर्पमित्रांनी सांगितलेला मुद्दा तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. आपल्याकडचं एएसव्ही चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हम्प-नोज्डचं विष त्यात धरलेलं नाही. केरळातून २००७ मध्ये या सापाच्या दंशाचे खात्रीलायक ओळखलेले रुग्ण प्रसिद्ध झाले, रक्त न गोठणं आणि किडनी बंद पडणं दोन्ही त्यांत होतं. म्हणजे साप तोच असेल तर तुम्ही १० नाही, १०० व्हायल द्या, विषावर काही होणार नाही. फक्त रिअ‍ॅक्शन पदरात पडेल. तुमच्या पेशंटला ती एकदा आलीच आहे.

पण आत्ता सापाच्या नावावर निर्णय घेऊ नका, ते खात्रीचं नाही. ट्यूबचा निकाल येऊ द्या.

भरणीवाले डॉक्टर, घोणसाला तुमचं गणित ठीक आहे. एका व्हायलमध्ये १० मिली, एक मिलीने घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं, म्हणून दहा व्हायलला साधारण ६० मिलिग्रॅम. हे गणित एएसव्ही ज्या सापाविरुद्ध बनवलं आहे त्यालाच लागू. एफएफपीबद्दल म्हणाल तर रक्तस्राव नसताना आणि विष निष्प्रभ झालं की नाही हेच माहीत नसताना देऊ नये. विष शिल्लक असेल तर बाहेरून घातलेले गोठणारे घटकही ते खाऊन टाकतं.

---

भरणीवाला (१०.५५)

सर, तुमचं बरोबर असेल. पण समजा फुरसंच निघालं आणि आपण थांबलो, मग? डोक्यात रक्तस्राव झाला तर जबाबदारी कोणाची? फोटोवरून "बहुतेक" म्हणणारा सर्पमित्र उद्या कोर्टात येणार नाही.

---

सर्पमित्र_आंबोली (१०.५९)

म्हणूनच "पैज लावणार नाही" असं लिहिलंय, साहेब.

---

सडा_आणि_पाऊस (११.२४)

निकाल आले.

भावाचं रक्त, धुतलेली ट्यूब: वीस मिनिटांनी गोठलं नाही.
भावाचं रक्त, नवी ट्यूब: गोठलं.
पेशंटचं रक्त, नवी ट्यूब, डाव्या हातातून ताजं टोचून: गोठलं.

आत्ताच लॅबचा फोन आला. आयएनआर १.७, प्लेटलेट १ लाख ४० हजार.

सिस्टर आणि मी दोघंही त्या ट्यूबकडे बघत बसलो होतो. सर, आता माझा प्रश्न बदलला. तिसरा डोस द्यायचा नाही असं मी समजतोय, बरोबर ना? आणि मग पहिले दोन डोस लागलेच नव्हते का?

---

जुना_फिजिशियन (११.४१)

तिसरा डोस नाही. हे आता मी निःशंकपणे सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाला होय किंवा नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. धुतलेल्या ट्यूबने भावाचं रक्तही गोठू दिलं नाही, म्हणजे कालपासूनच्या तिन्ही टेस्टवरून काहीच कळलं नाही. "रक्त गोठत होतं" हेही त्यांवरून सिद्ध होत नाही. डोसाआधीचा आयएनआर नसल्याने आजचा १.७ हा खाली आलेला आहे, की मुळातच एवढाच होता, की वर चढतोय, ते सांगता येत नाही. पुढचा आकडा आला की दिशा कळेल.

नवी ट्यूब गोठली म्हणून निर्धास्त होऊ नका. ही टेस्ट जाड चाळणीसारखी आहे, फायब्रिनोजेन अगदी तळाला गेलं तरच अडकते. १.७ आयएनआर तिच्यातून सहज निसटतो. घोणसाचा जोरदार दंश असता तर आयएनआर बहुधा यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेला असता. हे सौम्य आहे, आणि सौम्यपणा दोन्ही बाजूंनी बसतो: एएसव्ही लागू पडलेलं फुरसं, किंवा एएसव्हीशी संबंधच नसलेला हम्प-नोज्ड.

दोन्ही बाबतींत आता करायचं काम एकच आहे. दुपारी तीनला आयएनआर आणि प्लेटलेट पुन्हा. आयएनआर चढला किंवा कुठूनही रक्त आलं तर मला लिहा, तेव्हा प्रश्न पुन्हा उघडू. कॅथेटर टाकून दर तासाची लघवी मोजा. "रात्रभरात ७००" असा ढोबळ आकडा नको. तासाला ३० मिलीच्या खाली दोन तास गेली की कळवा. क्रिएटिनिन संध्याकाळी आणि उद्या सकाळी. मला भीती रक्तापेक्षा किडनीची आहे. वेदनेला पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. हात उशीवर उचलून, फोड फोडू नका, स्नायूत इंजेक्शन नको.

---

भरणीवाला (११.५०)

डायक्लोफेनॅकचं बरोबर. आमच्याकडे ते रिफ्लेक्सने लागतं.

ट्यूबचा प्रकार मला माहीत नव्हता. उद्या आमच्या लॅबमध्ये जाऊन बघतो.

---

सडा_आणि_पाऊस (रात्री ८.०५)

तीनचा आयएनआर १.५. प्लेटलेट १ लाख ३५ हजार. सूज तेवढीच. संध्याकाळचं क्रिएटिनिन १.३. लघवी दुपारपर्यंत तासाला ५०–६०, पाचनंतर ४०, शेवटच्या तासात ३५. साप मागवला तर भावाने तो काल रात्रीच जाळला असं कळलं. गावात तशीच पद्धत आहे, त्याला काय बोलणार.

---

जुना_फिजिशियन (८.२०)

आयएनआर उतरतोय, छान. लघवीचा आलेख मला आवडला नाही. एक पिंट सलाईन देऊन दोन तास बघा. छाती ऐकत राहा, उगाच पाणी भरत बसू नका. ३० च्या खाली गेली तर रात्रीच बोलून ठेवा, सकाळची वाट बघू नका. तुमच्याहून बांबोळी किती वेळावर?

---

सडा_आणि_पाऊस (८.२४)

सव्वा तास. पावसात दीड.

---

सडा_आणि_पाऊस (बुधवार, सकाळी ६.५०)

पहाटे दोन तास २० मिली. सहाला क्रिएटिनिन १.९. लघवी गडद, पोटॅशियम ५.१. आयएनआर १.३. १०८ बोलावली आहे, बांबोळीला पाठवतोय. पत्रात काय काय लिहू? तिथे रात्रपाळीच्या रेसिडेंटच्या हातात ते पडणार.

---

जुना_फिजिशियन (७.०२)

माझ्याकडे रेफर होऊन येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा असतं: "सर्पदंश, एएसव्ही २० व्हायल दिले, पुढील उपचारासाठी." त्यावरून मला काही कळत नाही. तुम्ही असं लिहा.

पहिल्याच ओळीत, का पाठवतोय: दंशानंतर ३७ तासांनी लघवी कमी, क्रिएटिनिन १.१ वरून १.९, डायलिसिसची गरज पडेल का यासाठी. मग दंशाची वेळ, दोन्ही डोसांच्या सुरू-बंद वेळा, रिअ‍ॅक्शन आणि तिला काय दिलं. आयएनआरचे तिन्ही आकडे वेळेसह. आणि हे ठळक लिहा: "सुरुवातीच्या तिन्ही गोठण चाचण्या धुतलेल्या ट्यूबमध्ये झाल्या, ग्राह्य धरू नयेत." हे नसेल तर तिथला कोणीतरी "तीनदा पॉझिटिव्ह" वाचून तिसरा डोस लावेल. तासवारी लघवीचा कागद जसाच्या तसा जोडा. सापाबद्दल: "नातेवाईकांच्या मते फुरसं, फोटोवरून हम्प-नोज्डची शक्यता, ओळख निश्चित नाही." फोटो भावाच्या मोबाईलवर आहे हेही लिहा, आणि भावालाच सोबत पाठवा.

शंका वेगळ्या ओळीत: "आयएनआर सुधारत असताना किडनी बिघडते आहे. आणखी एएसव्ही न देता फक्त किडनी सांभाळावी, असं आमचं मत. आपलं मत कळवावं." निघण्याआधी फोन करून हीच ओळ तोंडी सांगा.

---

सडा_आणि_पाऊस (शनिवार, दुपारी १.१५)

बांबोळीहून फोन आला. क्रिएटिनिन गुरुवारी ३.४ पर्यंत चढलं, आज २.८. डायलिसिस लागलं नाही. लघवी सुटली आहे. आणखी एएसव्ही दिलं नाही. बोटाच्या टोकाची कातडी गेली आहे, ते सर्जन बघताहेत, टोक राहील की नाही अजून सांगत नाहीत. सापाबद्दल त्यांच्यातही दोन मतं आहेत.

---

भरणीवाला (१.४०)

पेशंट सुधारतोय, उत्तम. पण मला अजून पटलेलं नाही. आमच्याकडे रात्री आयएनआर होत नाही, लॅब बारा किलोमीटरवर आणि रात्री बंद. नव्या ट्यूबही संपलेल्या असतील, असं धरा. अशा वेळी दुसऱ्या डोसानंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मी काय करायचं? मी तर देईनच.

---

जुना_फिजिशियन (२.०५)

त्या परिस्थितीत रक्त येत असेल, सूज वर सरकत असेल किंवा बीपी पडत असेल तर मीही देईन. यातलं काहीच नसेल तर आधी नातेवाईकाचं रक्त त्याच ट्यूबमध्ये लावेन. वीस मिनिटं लागतात. त्याचंही गोठलं नाही तर ट्यूब खोटी आहे. त्याचं गोठलं आणि पेशंटचं नाही, तर तुमचा तिसरा डोस योग्य असू शकतो, साप चारांपैकी असेल तर.

---

रक्त_लघवी_थुंकी (२.११)

नव्या ट्यूब संपू न देणं हे आमचं काम आहे, डॉक्टरांचं नाही. मात्र इंडेंटवर "टेस्ट ट्यूब" एवढंच लिहिलं की स्टोअरमधून प्लास्टिकच्या येतात. "काचेची, नवी" असं लिहून सही करा.